उधार नाकारा, पण लेखी आणि रोखीच्या भावासह

घाऊक कापडाच्या धंद्यात माल विकणे अवघड आहेच, पण "उधार देता येणार नाही" असे गिऱ्हाइकाला सांगणे त्याहून अवघड आहे. आपल्याकडील बहुतेक व्यापारी ते सांगतच नाहीत. काहीजण मुरव्वतीपोटी माल देऊन टाकतात आणि मग वर्षभर तगादा करीत फिरतात. काहीजण फोन उचलत नाहीत, "मुनीम बाहेरगावी गेलेत", "माल संपलाय" अशा सबबी सांगतात आणि गिऱ्हाइकाने आपण होऊन समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात. पहिल्या रीतीने पैसा जातो, दुसऱ्या रीतीने माणूस जातो. माझे मत असे आहे की उधारीची मागणी आली की दोन-तीन दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि त्या उत्तरात नकाराबरोबर रोखीची अशी ऑफर असावी, जी गिऱ्हाइकाला खरोखर घेता येईल. गेल्या लगनसराईच्या तोंडावर मी असे एक पत्र लिहिले. ते येथे देतो आहे, कारण त्यामागचा हिशेब इतरांच्याही उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या तालुक्यातील एका दुकानदाराने माझ्याकडे पावणेदोन लाखांचा माल उधार मागितला. नात्यातला माणूस, घरी येणे-जाणे. मी मुदत विचारली नाही, त्याने सांगितली नाही. बीजकावर मुदतीचा रकाना कोरा राहिला. त्याने पहिल्या चार महिन्यांत पन्नास हजार दिले आणि मग देणे थांबले. लग्नकार्यात भेट होई तेव्हा मी विषय काढीत नसे आणि तोही काढीत नसे. शेवटी वकिलाकडे गेलो तेव्हा कळले की विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते. त्या मुदतीत ऋणकोने काही रक्कम दिली असेल किंवा देणे लेखी कबूल केले असेल तर मुदत तेथून पुन्हा मोजली जाते. माझ्याकडे कबुलीचा एक कागदही नव्हता आणि शेवटच्या हप्त्याला तीन वर्षे उलटून गेली होती. सव्वा लाख रुपये गेले. पण त्याहून मोठे नुकसान हे की तो आजही मला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरतो. मी त्या दिवशी "नाही" म्हटले असते तर तो आठ दिवस रुसला असता आणि मग रोखीने माल न्यायला आला असता.

आता यंदाची गोष्ट. एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा आता दुकान पाहतो. वडील नेहमी रोखीने माल नेत. मुलाने शेजारचा गाळा घेतला आहे आणि तेथे शर्टिंग व ड्रेस मटेरियलचे नवे काउंटर काढले आहे. त्याने चार लाखांचा माल साठ दिवसांच्या उधारीवर मागितला. मुलगा मेहनती आहे, नियत साफ आहे. याच कारणाने हो म्हणण्याचा मोह झाला. पण नियत साफ असणे वेगळे आणि साठाव्या दिवशी हातात पैसे असणे वेगळे. म्हणून मी कागद घेतला आणि हिशेब मांडला.

चार लाखांच्या मालात मला सुमारे पाच टक्के सुटतात. म्हणजे तो माल मला तीन लाख ऐंशी हजारांना पडतो. खरेदीवर पाच टक्के जीएसटीचे एकोणीस हजार मी गिरणीला आधीच दिलेले असतात. विक्रीवर वीस हजार कर होतो, त्यातून हे एकोणीस हजार वजा जाऊन उरलेला एक हजार पुढच्या महिन्यात सरकारला भरायचा असतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत, बीजक फाडले की हा कर द्यावाच लागतो. एकूण माझे चार लाख रुपये अडकतात. माझ्या पैशाचा खर्च महिन्याला एक टक्का धरला तर दोन महिन्यांचे आठ हजार झाले. गोदामाचे भाडे, हमाली, पगार मिळून मला दोन टक्के, म्हणजे आणखी आठ हजार लागतात. वीस हजारांतून सोळा हजार गेले, उरले चार हजार. हे सारे त्याने बरोबर साठाव्या दिवशी पैसे दिले तर. साठाचे एकशेवीस दिवस झाले की पैशाचा खर्च सोळा हजार होतो आणि माझ्या खिशातून चार हजार जातात. त्यातला एक लाख बुडालाच तर तो भरून काढायला, खर्च जाता तीन टक्के सुटतात असे धरून, मला तेहतीस लाखांची रोखीची विक्री करावी लागेल.

काही वाचक म्हणतील, आम्ही बँकेचे कर्ज घेतलेलेच नाही, मग एक टक्का खर्च कसला? खर्च आहेच. ते चार लाख हातात असते तर त्याच दोन महिन्यांत दुसरा माल येऊन विकला गेला असता. अडकलेल्या पैशाची किंमत व्याजाच्या रूपाने दिसली नाही तरी रिकाम्या राहिलेल्या मांडणीच्या रूपाने दिसते.

मग मी त्याच्या बाजूने हिशेब केला आणि मला वाटते की खरी चावी येथे आहे. साठ दिवसांत चार लाखांचा माल विकून तो माझे पैसे देणार होता. याचा अर्थ दर पंधरा दिवसांत एक लाखाचा माल त्याच्या काउंटरवरून गेला पाहिजे. तसा तो जाणार असेल तर त्याला चार लाखांची उधारी लागतच नाही. एक लाखाचा माल रोखीने नेला, विकला, त्याच पैशातून पुढचा लाख नेला, असे चार फेरे त्याच साठ दिवसांत होतात. आणि पंधरा दिवसांत एक लाखाचा माल जात नसेल तर साठ दिवसांत चार लाखांचाही जाणार नव्हता. त्याची अडचण पैशाची आहे त्यापेक्षा लॉटची जास्त आहे. मी माल गाठीने देतो. गाठीने घेतला तर एका लाखात त्याला दोन-तीनच प्रकार मिळतात आणि नव्या काउंटरला विविधता हवी असते. तेव्हा मी सोडायची गोष्ट उधारीची नव्हती, गाठीच्या अटीची होती. हे ध्यानात आल्यावर पत्र सोपे झाले. ते असे:

"प्रिय भाई, अस्सलामु अलैकुम.

आपले पत्र सोमवारी मिळाले. नवे काउंटर उघडल्याबद्दल मनापासून मुबारकबाद. आपल्या वालिदसाहेबांचा आणि आमचा व्यवहार पुष्कळ वर्षांचा आहे आणि तो आपल्या हातूनही चालावा अशी आमची इच्छा आहे.

आपण चार लाख रुपयांचा माल साठ दिवसांच्या उधारीवर मागितला आहे. तो आम्हाला उधारीवर देता येणार नाही. दोन वर्षांपासून आम्ही एकही नवे उधार खाते उघडलेले नाही. त्याआधीची तीन खाती तेवढी चालू आहेत. आमचे स्वतःचे भांडवल जेवढे आहे त्यात याहून अधिक उधारी झेपत नाही. हा नियम सर्वांना एकच आहे.

रोखीच्या व्यवहारासाठी आम्ही आपल्याला पुढीलप्रमाणे माल देऊ. एक, गाठ पुरी घेण्याची अट आपल्यासाठी सोडतो. तागे सुटे निवडून घ्यावेत, मात्र एका वेळची खरेदी निदान पन्नास हजारांची असावी. दोन, प्रत्येक बीजकावर दीड टक्का रोख वटाव देऊ. एक लाखाच्या मालावर वटाव पंधराशे, उरले अठ्ठ्याण्णव हजार पाचशे, त्यावर जीएसटी चार हजार नऊशे पंचवीस, एकूण देणे एक लाख तीन हजार चारशे पंचवीस रुपये. तीन, जो तागा कापलेला वा उघडलेला नाही तो माल मिळाल्यापासून वीस दिवसांच्या आत त्याच किमतीच्या दुसऱ्या मालाशी बदलून देऊ. येण्याजाण्याचे ट्रान्सपोर्ट आपल्याकडे राहील.

रोख म्हणजे रक्कम आमच्या बँक खात्यात जमा होणे. चेक दिल्यास तो वटल्यावर माल निघेल. पुढील तारखेचे चेक आम्ही घेत नाही. हे भाव आणि अटी येत्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत कायम आहेत.

गुरुवारी किंवा शनिवारी सकाळी आलात तर नवा माल फोडलेला असेल, निवड चांगली होईल. वालिदसाहेबांना सलाम.

आपला हितचिंतक"

पत्र एवढेच. त्यातील काही जागांविषयी लिहितो, कारण अशी पत्रे बहुधा याच जागी बिघडतात.

पहिली गोष्ट, नकार दुसऱ्या परिच्छेदाच्या दुसऱ्याच वाक्यात आहे आणि तो सरळ आहे. "सध्या जरा अडचण आहे", "पुढे पाहू" असे मी लिहिले नाही. "सध्या" या शब्दाचा अर्थ गिऱ्हाईक "पुढच्या महिन्यात" असा घेतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागतो, तेव्हा त्याला नाही म्हणणे दुप्पट कठीण असते. सहा महिन्यांनी उधारी देण्याचा विचार खरोखरच असेल तर किती रकमेची, किती दिवसांची आणि कशावर, हे लिहावे. तसा विचार नसेल तर आशेचा एक शब्दही घालू नये.

दुसरी गोष्ट, कारण माझ्या बाजूचे आहे. "बाजारात आपल्याविषयी ऐकले", "आपले दुकान नवे आहे" असे कारण लिहिले की माणूस दुखावतो, वाद घालतो आणि ते लिखाण चार जणांना दाखवतो. स्वतःच्या भांडवलाच्या मर्यादेवर वाद घालता येत नाही. पण ते कारण खरे मात्र पाहिजे. पेठ लहान असते. मी एकालाही उधार देत नाही असे लिहिले असते आणि माझ्या तीन जुन्या खात्यांपैकी एक त्याच्या शेजारी निघाले असते तर सारे पत्र खोटे ठरले असते. म्हणून ती तीन खाती मी आपण होऊन सांगितली.

तिसरी, वटाव. तो किती द्यावा याला हद्द आहे. साठ दिवसांच्या उधारीत माझे दोन टक्के जातात, तेव्हा दोन टक्क्यांपर्यंत वटाव दिला तरी मी उधारीपेक्षा वाईट स्थितीत नसतो. दीड टक्क्यात माझे अर्धा टक्का वाचतात आणि त्याला चार लाखांवर सहा हजार मिळतात. आधी भाव वाढवून मग वटाव दाखवणे हा प्रकार दोन दुकाने फिरलेल्या माणसाला लगेच कळतो. वटाव बीजकावरच लिहून वजा करावा, म्हणजे कर उरलेल्या रकमेवरच लागतो. मागाहून हातात पैसे परत देण्याची जुनी पद्धत आता हिशेबात घोटाळे करते. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. साठ दिवसांसाठी दीड टक्का म्हणजे वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास. यासाठी कोणी बँकेचे कर्ज काढून रोख माल घ्यावा एवढा हा वटाव मोठा नाही. त्या मुलाला खरी मदत सुट्या ताग्यांची आणि बदलून देण्याच्या सोयीची आहे. वटाव हे वरचे तोरण आहे.

चौथी गोष्ट "रोख" या शब्दाची. आपल्याकडे रोख म्हटले की नोटांची थप्पी डोळ्यांसमोर येते. आयकर कायद्याप्रमाणे २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम नोटांत घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्यालाही दिवसाला एका पार्टीला दहा हजारांवर नोटांत दिलेली रक्कम साधारणपणे धंद्याच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून रोख म्हणजे तत्काळ आणि खात्यात, हे पत्रातच सांगितले. पुढील तारखेचा चेक ही उधारीच असते, फक्त तिच्या अंगात कोट असतो. मोबाइलवर आलेला पैसे पाठवल्याचा फोटो हा पैसा नव्हे. आपल्या स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्याखेरीज गाडी भरू नये. परगावी माल आधी लावावाच लागला तर बिल्टी स्वतःच्या नावावर करावी आणि पैसे जमा झाल्यावर गिऱ्हाइकाच्या नावे करून द्यावी, म्हणजे तोवर माल आपल्या ताब्यात राहतो.

आता दोन आक्षेप. पहिला असा की आपण नाही म्हटले तर शेजारचा घाऊकवाला उधार देईल आणि गिऱ्हाईक जाईल. कधी कधी जाईल. पण शेजारी साठ दिवसांसाठी जो भाव लावतो तो पाहावा. उधारीचा खर्च तोही कोठून तरी काढतोच, बहुधा भावातून किंवा न खपणाऱ्या मालातून. उधारीवर नेणारा माणूस भावाची घासाघीस करू शकत नाही आणि जुना रंग घेऊन जाण्यासही नाही म्हणू शकत नाही. रोखीने नेणारा दोन्ही करतो. हे गिऱ्हाइकाला दोन हंगामांत उमगते. ते उमगेपर्यंत त्याच्याशी बोलाचाली राहिली पाहिजे, आणि ती राखण्यासाठीच असे पत्र असते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. अडलेल्या भावाला उधार देणे हे सवाबाचे काम, मग आपण नाही कसे म्हणायचे? मला वाटते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सूरे बकरामध्ये तंगीत सापडलेल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवण आहे आणि तिच्या जवळच, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची स्पष्ट आज्ञाही आहे. पहिली शिकवण जो आधीच कर्जात आहे त्याच्याविषयीची आहे. दुकान वाढविणाऱ्या प्रत्येकाला व्यापारी उधारी दिलीच पाहिजे असा तिचा अर्थ होत नाही. कुणाच्या घरी आजारपण असेल तर मदत वेगळी करावी, आपल्या कमाईतून करावी, आणि ती मालाच्या खात्यात लिहू नये. रोखीचा भाव कमी आणि उधारीचा अधिक ठेवण्यासही, तो सौद्याच्या वेळीच एक ठरलेला असेल तर, बहुसंख्य फुकहांनी हरकत घेतलेली नाही. मुदत टळल्यावर वर रक्कम चढवीत जाणे ही मात्र निराळी आणि निषिद्ध गोष्ट. आणि आपल्या धंद्यात उधारीची भांडणे नेमकी तेथूनच सुरू होतात. उधारीच नसेल तर तो प्रश्नच येत नाही.

पत्र पोचल्यावर पुढे काय झाले? दहा दिवस काही नाही. मला वाटले मुलगा दुखावला. मग एका शनिवारी तो आला, थोडा गप्प होता. मी चहा सांगितला, उधारीचा विषय काढला नाही. त्याने एक लाखाचा नव्हे, साठ हजारांचा माल निवडला. चौदा प्रकारचे तागे, एकेक, दोन-दोन. पैसे तेथेच खात्यात जमा केले. सतरा दिवसांनी पुन्हा आला तेव्हा तीन तागे बदलून मागितले, कारण ते रंग त्याच्या गावात चालले नाहीत, आणि ऐंशी हजारांचा नवा माल नेला. निघताना म्हणाला, "चाचा, तुम्ही चार लाख दिले असते तर हेच रंग माझ्याकडे गाठीने पडून राहिले असते." मी काही बोललो नाही. मनात मात्र आले की ते रंग त्याच्या मांडणीवर आणि त्यांचे पैसे माझ्या वहीत, दोन्ही एकाच वेळी पडून राहिले असते. आणि दोन हंगामांनंतर त्यानेही मला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरली असती.